पाहुण्याचे कपडे, मुलाचे कपडे

सनोबर घाबरट आहे असं मी म्हटलं, तर आमच्या चुस्त गावातली अर्धी बायका मंडळी माझ्यावर तुटून पडतील. ज्या बाईने आई गेल्यावर एकटीने घर ओढलं, चापान म्हणजे आमचे लांब अंगरखे शिवून शिवून बोटांची चाळण केली, लग्न करून सासरी जायच्या ऐवजी नवऱ्यालाच माहेरी आणून बसवलं, ती घाबरट? पण मी तिच्या भिंतीला भिंत लावून राहते. मला विचारा. भ्यायची ती, आणि तोंडाने एक अक्षर बोलायची नाही. हाताने शिवत राहायची. टाके जितके बारीक, तितकी आतली भीती मोठी, हे मी ओळखून होते.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिचे टाके दिसेनासे झाले होते.

कारण दोन. एक, तिच्या मुलीचं, मावलुदाचं लग्न ठरलं होतं. दोन, तिचे वडील, आमचे तुरदालीबुवा, अंथरुणाला खिळले होते. बुवांचं हृदय थकलं होतं. डॉक्टर यायचा, छातीला नळी लावायचा, आणि जाताना चप्पल घालायला जरा जास्तच वेळ घ्यायचा. बुवा लग्नाआधी गेले तर लग्न पुढे ढकलावं लागणार. चाळिसावा दिवस व्हायचा, मग लोक काय म्हणतील ते व्हायचं, आणि नवरा मुलगा तर लग्न झालं की दहा दिवसांत कोरियाला कामावर निघणार होता. तिथून तो तीन वर्षं परत येणार नव्हता. त्याची आई, ओयदिनखाला, आधीच कुरकुरत होती. ही बाई अशी की घरात काच फुटली तरी तीन दिवस कोणाचा चेहरा आधी पाहिला त्याचा शोध घ्यायची. "म्हाताऱ्याची तब्येत कशी आहे?" असं ती दर दोन दिवसांनी फोन करून विचारायची, आणि सनोबर दर दोन दिवसांनी "छान आहे, काल दोन घास खाल्ले" असं सांगायची. फोन ठेवला की बुवांच्या खोलीत जाऊन त्यांच्या नाकाशी हाताची मागची बाजू धरायची. श्वास लागला की बाहेर यायची. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

तिचा एक धाकटा भाऊ होता. होता म्हणजे आहे, देव त्याला उदंड आयुष्य देवो. एल्योर. तीन वर्षांचा असताना बुवांनी त्याला आपल्या थोरल्या भावाला देऊन टाकलं. भावाला मूल नव्हतं, तो तिकडे रशियात, ओरेनबुर्गला राहायचा. आमच्याकडे असं देतात. रक्त घरातच राहतं, रिकामा पाळणा भरतो, सगळे खूश. आई सोडून. पोरगं तिकडे रशियन शाळेत शिकलं, तिकडचं झालं. इथे आलं ते दोन उन्हाळे, तेही लहानपणी. आई गेली तेव्हा कळवलं, पण आमच्याकडे मयत संध्याकाळपर्यंतही ठेवत नाहीत, तो पोचणार कसा? तेव्हा मुलाच्या जागी दारात सनोबरचा नवरा मन्सूर उभा राहिला. जावई. लोक गळ्यात पडले, पण बुवा भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी तेव्हाच बघितलं होतं ते.

तर या एल्योरला बहिणीच्या मुलीच्या लग्नाला बोलवायचं ठरलं. वय पंचवीस, आणि घरातलं पहिलंच लग्न बघणार. आमच्यात लग्नाला काय घालतात याची त्याला काडीची कल्पना नाही. मन्सूर म्हणाला, "फोनवर सांग ना." पण फोन कुठे करणार? ओरेनबुर्गला नेटवरून बोलावं लागायचं, आणि नेट फक्त बुवांच्या खोलीच्या खिडकीशी यायचं. आणि सनोबरला जे सांगायचं होतं ते बुवांच्या कानावर पडून चालणार नव्हतं.

म्हणून ती दुपारी माझ्याकडे आली. मी दोप्पी, म्हणजे आमच्या टोप्या, शिवते, माझ्या ओसरीत कोणी बसलं तर कोणाला काही वाटत नाही. तिने बगलेतून एक पुडकं काढलं आणि ओसरीवर उलगडलं. मी बघितलं आणि माझी सुई बोटात गेली.

गडद निळा चापान. बिनपट्ट्याचा, बिननक्षीचा. आत रुई भरलेला, बारीक टाक्यांचा. सोबत कंबरेला बांधायचा चौकोनी निळा रुमाल, धुतलेला, घडी घातलेला.

"सनोबर," मी म्हटलं, "म्हातारा अजून जिवंत आहे गं!"

"हळू बोल."

"जिवंत माणसासाठी मयताचा चापान शिवलास? तुझं डोकं फिरलंय का?"

"मग कधी शिवू? त्या दिवशी? त्या दिवशी माझे हात चालतील?" ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. "एल्योर इथे असताना काही झालं तर तो दारात काय घालून उभा राहील? जीनची पँट घालून? हनीफा, बाबांनी त्याला दिला, पण मुलगा तोच एकटा आहे."

हे खरं होतं. बाप गेला की मुलाने काळपट चापान घालून, कंबर बांधून दारात उभं राहायचं. गल्लीतला कोणीही लांबून बघतो, कंबर बांधलेली दिसते, आणि त्याला कळतं. सांगावं लागत नाही. पाय आपोआप हळू होतात आणि हात वर जातात.

"मग घरात ठेव," मी म्हटलं.

"घरात? ओयदिनखाला आणि तिच्या बायका मावलुदाच्या पेट्या बघायला येणार आहेत. एक एक पेटी उघडून बघतात. त्यात हा निळा दिसला तर?"

मग मला सगळं कळलं. तो अपशकुन घरात ठेवायला ती भीत होती, आणि घरात नाही म्हणूनही भीत होती. म्हणून तो ओरेनबुर्गला पाठवून भावाच्या बॅगेतून परत आणायचा बेत होता. एवढा लांबचा फेरा भीतीच सुचवते.

तिने माझ्याच ओसरीत पत्र लिहिलं. मी तिच्या खांद्यावरून वाचलं, मी काही त्यात लाजत नाही.

"एल्योरजान, माझ्या लाडक्या भावा,

तू येणार हे ऐकून मावलुदा उड्या मारतेय. आता नीट वाच, कारण इथे सगळे तुझ्याकडेच बघणार. सोबत दोप्पी पाठवतेय, हनीफाखालाने शिवली आहे, काळ्यावर पांढऱ्या मिरच्या. तिची सपाट घडी होते, तशीच खिशात ठेव, पण गाडीतून गल्लीत उतरायच्या आधी डोक्यावर घाल. उघड्या डोक्याने वडीलधाऱ्यांसमोर जाऊ नकोस.

सकाळच्या पुलावाला साधा कोट-पँट, पांढरा शर्ट, टाय नको. टाय रात्री हॉलमध्ये. काळा शर्ट मुळीच नको, फॅशन असली तरी नको. अर्धी चड्डी, खेळाचे कपडे, छातीवर काही लिहिलेलं, यातलं काही बॅगेत टाकूसुद्धा नकोस. बूट असे आण की पटकन निघतील, दिवसातून वीस वेळा काढावे लागतात. आणि मोजे नवे. अंगठा बाहेर आलेला मोजा घालून तू नवऱ्यामुलाच्या काकांसमोर बसलास तर मी जमिनीत जाईन. कोणी प्रेमाने तुझ्या खांद्यावर पट्ट्यापट्ट्यांचा रंगीत चापान टाकला तर नको नको करू नकोस, घाल आणि हात छातीवर ठेव.

हे सगळे पाहुण्याचे कपडे."

इथे ती थांबली. पेनाचं टोक कागदावर टेकवून बराच वेळ बसली. निळी शाई पसरली.

"लिही ना," मी म्हटलं. "लिही की खालचं गाठोडं बाबांच्या मयतासाठी आहे, देव न करो."

"लग्नाच्या पत्रात?" तिचा चेहरा पांढरा पडला. "लग्नाच्या पत्रात तो शब्द लिहू?"

आणि तिने लिहिलं नाही. लिहिलं ते असं: "खाली एक निळं गाठोडं आहे. ते मुलाचे कपडे. तू या घरचा मुलगा आहेस, वेळ येईल तेव्हा घालायचे. घालून दारात उभं राहायचं. वेळ कोणती, ते तुझं तुला कळेल."

मी वाचलं आणि मला काही खटकलं नाही. मला कसं खटकणार? मला माहीत होतं ना. जन्मापासून माहीत असलेली गोष्ट दुसऱ्याला माहीत नसते, हे माणसाच्या डोक्यातच येत नाही.

एल्योर लग्नाच्या दोन दिवस आधी आला. गल्लीच्या तोंडाशीच डोक्यावर दोप्पी. बायकांनी माना डोलावल्या. मोजे नवे. हात छातीवर. मन्सूरने चेष्टा केली, "हा तर आमच्यापेक्षा चुस्तचा!" पोरगं उंच, गोरं, शब्द जपून वापरणारं. आमची भाषा बोलायचा, पण प्रत्येक शब्द आधी खिशातून काढून बघितल्यासारखा. बापाच्या खोलीत गेला. बुवांनी त्याचा हात धरला आणि सोडला. "प्रवास झाला?" "झाला." "जेवलास?" "जेवलो." संपलं. पोरगं देऊन बावीस वर्षं झाली, आणि बापलेकांचं बोलणं हे एवढं. तो बाहेर आला आणि ताईला म्हणाला, "आपा, त्यांना मी आवडलो नाही का?" सनोबरने त्याला चहा दिला.

बुवा त्या दोन दिवसांत खालावले. आदल्या संध्याकाळी त्यांनी पाणीसुद्धा नाकारलं. आम्ही बायका गाजर चिरत होतो, ढीगच्या ढीग, आणि कोणी जरा गप्प झालं की सगळ्यांचे कान त्या खोलीकडे. ओयदिनखालाचा फोन आला. सनोबरने गाजराच्या हाताने उचलला. "छान आहेत," ती म्हणाली. "उद्या मांडी घालून पुलाव खातील." फोन ठेवून ती उठली, आत गेली, हाताची मागची बाजू धरली, आली. माझ्याकडे बघून तिने होकाराची मान हलवली, श्वास आहे.

लग्नाच्या दिवशी पुरुषांसाठीचा पहाटेचा पुलाव नमाजानंतर लगेच असतो. अजून उजाडायचं होतं. कढईखाली लाकडं पेटली होती, आचारी झारा घेऊन उभा, कर्णेवाले दोघं गल्लीच्या कोपऱ्यावर आपले लांबलचक पितळी कर्णे फडक्याने पुसत होते. मन्सूर इकडून तिकडे धावत होता. धावता धावता त्याने एल्योरच्या खोलीवर थाप मारली. "एल्योर! ऊठ बाबा! तू या घरचा मुलगा आहेस, मी जावई. दारात तू उभा राहा, लोक येतायत!"

एवढंच. याहून जास्त काही झालं नाही. पुढे कित्येक महिने मन्सूर छाती बडवून म्हणायचा की मी काय चुकीचं बोललो? काही चुकीचं बोलला नव्हता बिचारा.

एल्योरने विचार केला असणार. पाहुण्याचे कपडे हे, मुलाचे कपडे ते. आज मला मुलगा म्हणून दारात उभं राहायला बोलावलंय. वेळ आली.

मी परात घेऊन अंगणातून चालले होते. दाराच्या दिव्याखाली कोणीतरी उभं दिसलं. गडद निळा चापान, घट्ट बांधलेली कंबर, खाली घातलेली मान, छातीवर हात. मला वाटलं, संपलं. गेले बुवा. पहाटे गेले आणि मला कोणी सांगितलं नाही. परात हातातून सुटली, तिचा आवाज मला ऐकूसुद्धा आला नाही.

तेवढ्यात गल्लीतून मोहल्ल्याचा मुखिया नेमतजानअका आणि मागे आठदहा पुरुष आले. त्यांनी लांबून बघितलं. पाय हळू झाले. नेमतजानअकाने डोक्यावरची दोप्पी सारखी केली, हात वर केले, आणि दारातच दुआ म्हणायला लागला. मग त्याने एल्योरला मिठी मारली, पाठीवर थोपटलं. "खंबीर हो, मुला. भला माणूस होता." आणि एल्योर, देवा, तो पोरगा हात छातीवर ठेवून हसून म्हणाला, "धन्यवाद, या, आत या. पुलाव तयार आहे."

त्याचं हसू बघून नेमतजानअकाला वाटलं, दुःखाने पोराचं डोकं फिरलं.

आचाऱ्याने लाकडं मागे ओढली. कोपऱ्यावर कर्णेवाल्याने कर्णा भिंतीला टेकवला. आतून कोणा बाईने हंबरडा फोडला, एकीने फोडला की दुसरी थांबते का? मावलुदा लग्नाच्या पांढऱ्या पोशाखात, अर्धे केस विंचरलेले, दारात आली आणि तिथेच खाली बसली. आणि त्याच वेळी दोन गाड्या आल्या. नवऱ्यामुलाकडचे लोक. पहिल्या गाडीचं दार उघडलं, नवऱ्याच्या काकाने एक पाय बाहेर टाकला, दाराकडे बघितलं, आणि तो पाय तिथेच राहिला. ना आत, ना बाहेर.

सनोबर स्वयंपाकघरातून धावत आली. भावाला बघितलं. मला वाटलं ती किंचाळेल, त्याच्या अंगावरचा चापान ओरबाडेल. ती बघत राहिली फक्त. ज्या कपड्याला ती महिनाभर भीत होती तो तिच्याच टाक्यांसकट दारात उभा होता. आणि तिलाही माहीत नव्हतं. कळतंय का? मध्यरात्रीपासून ती स्वयंपाकघरात होती, बुवांच्या खोलीत गेली नव्हती. तो चुकून उभा आहे, की खरंच काही झालंय, हे तिला, मला, कोणालाच माहीत नव्हतं.

"हनीफा," ती म्हणाली, "तू बघ. माझ्याने नाही होणार."

दररोज दहादा नाकाशी हात धरणारी बाई. तिच्याने त्या दिवशी उंबरा ओलांडवेना.

मी गेले. भिंत धरून गेले. खोलीत अंधार. मला वाटलं, आत शिरले की थंड हात लागेल. खिडकीचा पडदा बाजूला सरकवलेला होता, बाहेरच्या दिव्याचा उजेड बुवांच्या तोंडावर पडला होता. डोळे उघडे. पापणी हलत नव्हती. मी ओठ चावला.

"हनीफा," बुवा म्हणाले, "दारात कोण उभंय?"

मी मटकन खालीच बसले. "एल्योर," मी म्हटलं. "एल्योर आहे, बुवा. चूक झाली, त्याला माहीत नव्हतं, रागावू नका."

"कंबर बांधलीय त्याने?"

"बांधलीय."

"कोणासाठी?"

मी त्यांची रजई सारखी केली.

"माझ्यासाठी," बुवा म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, उशीवर, पुसायचा प्रयत्नसुद्धा न करता. "मी रोज इथे पडून हेच बघायचो. दार बघायचो. रिकामं. म्हटलं, मी दिला त्याला, कोणत्या तोंडाने मागू? जावई उभा राहील, लोक येतील, जातील." मग त्यांनी हात पुढे केला. "उचला मला. खुर्ची आणा."

मन्सूर आणि आचाऱ्याने त्यांना खुर्चीसकट उचलून दारात नेलं. डोक्यावर दोप्पी, अंगावर रजई. अंगणातला हंबरडा असा तुटला की जणू कोणी तोंडावर हात ठेवला. नेमतजानअका पुन्हा दुआ म्हणत होता ती अर्धवट राहिली.

"काय रे नेमतजान," बुवांचा आवाज बारीक, पण गल्लीला ऐकू गेला, "माझीच दुआ माझ्याच दारात? पुलाव तरी खायचा आधी."

कोणीतरी हसलं. मग दुसरा. गाडीतून अर्धा उतरलेला काका आता दुसरा पायही घेऊन खाली उतरला, पण चेहरा अजून काळवंडलेला. एल्योर मात्र पांढराफटक. त्याला आता समजलं होतं, कोणी न सांगता. त्याचे हात कंबरेच्या गाठीवर गेले. गाठ सुटेना. "मला माहीत नव्हतं," तो पुटपुटला. "आपाने लिहिलं होतं, मुलाचे कपडे..."

"बरोबर लिहिलं होतं," बुवा म्हणाले. "इकडे ये. वाक."

तो वाकला. बुवांनी स्वतःच्या हाताने गाठ सोडली. वेळ लागला, बोटांत जोर नव्हता, आणि सगळी गल्ली उभी राहून बघत होती. निळा रुमाल त्यांनी सोडवला, मांडीवर पसरला, त्यावर एक ताजी नान ठेवली आणि चारी टोकं गुंडाळली. "हे मावलुदाच्या हातात दे," ते म्हणाले. "कापडच आहे ते. आज भाकरी बांधायला." मग एल्योरच्या कानाशी तोंड नेलं. मी खुर्ची धरून उभी होते म्हणून मला ऐकू आलं. "आज नाही. पण उभा राहशील ना?"

"राहीन," एल्योर म्हणाला. "राहीन, बाबा."

कर्णे वाजले. नवऱ्याचा काका आत आला, पुलाव खाल्ला, दुसऱ्यांदा मागितला. ओयदिनखालाने हा प्रकार ऐकल्यावर शकुन अपशकुन इतका उलटसुलट मोजला की शेवटी तिलाच त्यातून वाट सापडली नाही, आणि मावलुदा सासरी गेली. रात्री हॉलमध्ये एल्योरने टाय घातला होता. त्याआधी संध्याकाळी सनोबर माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "एक शब्द लिहायला मी घाबरले, हनीफा." मग रडली. पहिल्यांदाच.

एल्योरचं परतीचं तिकीट चौथ्या दिवसाचं होतं. त्याने ते पुढे ढकललं. मग पुन्हा ढकललं. बापाला खिडकीशी बसवायचा, बोलणं तेच, जेवलास, जेवलो, पण तासन्‌तास.

शरदात बीहीची फळं पिकली तेव्हा बुवा गेले, दिवसा, झोपेत. सनोबर पेटीकडे धावली. निळ्या गाठोड्याची जागा रिकामी होती. मी तिच्या मागे होते. आम्ही दोघी अंगणात आलो. एल्योर आधीच दारात होता, चापान घालून, मावलुदाकडून परत आलेल्या रुमालाने कंबर बांधून, मयताला मुलगे धरतात त्या काठीवर वाकून. या वेळी कोणी त्याला काही लिहिलं नव्हतं. त्याने आमच्यासारखीच हाक मारली, हाय माझ्या बाबा, आणि गल्लीतले लोक लांबूनच थांबले.